लग्न १९९१ ला, वडील गेले २००१ ला, तरी वडिलोपार्जित शेतात माझा हिस्सा निघाला

यंदा मार्चमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेताच्या पहाणी उताऱ्यावर माझं नाव चढलं. सुरुवात झाली होती २०२१ च्या जानेवारीत. मधल्या काळात ओळखीच्या, नात्यातल्या बऱ्याच बायकांनी फोन करून विचारलं की कसं केलं, कुठे गेलात, किती लागले, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या डोक्यात "आपलं लग्न आधीच झालंय, आपल्याला काही नाही" हेच बसलेलं होतं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी घरचं सांगते, कारण कुणाला किती मिळतं ते तारखांवर ठरतं. शेत आजोबांचं, सहा एकर, बहुतेक भाताचं. आजोबा १९५२ ला वारले, वडील त्यांचे एकुलते एक. आम्ही चौघं भावंडं, थोरला दादा, मग मी, मग धाकटा भाऊ आणि शेवटची धाकटी बहीण. माझं लग्न १९९१ ला झालं, धाकटीचं १९९७ ला. आई १९९८ ला गेली आणि वडील फेब्रुवारी २००१ मध्ये. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. ते गेल्यावर वर्षभरात वारसा लावला गेला तेव्हा तलाठ्यांनी आम्हा दोघी बहिणींचा "आमची हरकत नाही" असा जबाब घेतला आणि उताऱ्यावर फक्त दोन भावांची नावं लागली. आमच्याकडे सगळ्या घरांत असंच व्हायचं, सोसायटीचं कर्ज काढायला नावं लवकर लागायला हवीत म्हणून बहिणी सही करायच्या.

२०२१ च्या जानेवारीत दादाने रस्त्याकडेचा एक तुकडा विकायला काढला. घेणाऱ्याचा वकील म्हणाला बहिणींच्या सह्या असल्याशिवाय व्यवहार होणार नाही. दादाचा फोन आला, "एक दिवस येऊन सही करून जा, तुझा तसा काही संबंध नाही पण वकील अडून बसलाय." मी विचारलं संबंध नाही तर सही कशाला पाहिजे? तर म्हणाला, "तुझं लग्न चौऱ्याण्णवच्या आधी झालंय न्हवं, कायद्यात तुला नाहीच, धाकटीला असेल तर थोडं." ही चौऱ्याण्णवची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे पण अर्धीच. मला राग आला नाही, दादा खोटं बोलत नव्हता, त्याला तेच माहीत होतं.

मी बेळगावातल्या एका वकील मॅडमकडे गेले, मैत्रिणीने नाव सांगितलं होतं. त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर चार तारखा लिहून दिल्या, तो कागद अजून माझ्याकडे आहे. पहिली ३० जुलै १९९४, त्या दिवशी कर्नाटकाने हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना मुलासारखा जन्माने हक्क दिला पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी २२ जूनला असाच कायदा केला होता आणि तिथेही आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं, म्हणून कोल्हापूरकडची नातेवाईक मंडळीही हेच सांगतात. दुसरी तारीख ९ सप्टेंबर २००५, केंद्राची दुरुस्ती. त्यात लग्न झालेली, न झालेली असा भेदच ठेवला नाही, मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार, मुलगा असतो तशीच. म्हणजे दादाला पाठ असलेली चौऱ्याण्णवची अट तेव्हाच संपली होती.

पण मग दुसरी अडचण, वडील २००५ च्या आधीच गेले होते. आणि इथे मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले, कारण तो खटला आमच्या बेळगावचाच. फुलवती नावाच्या बाईंनी १९९२ मध्ये बेळगावच्या कोर्टात वाटणीचा दावा घातला होता, त्यांचे वडील १९८८ ला वारलेले. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये निकाल आला की ९ सप्टेंबर २००५ ला वडीलही हयात पाहिजेत आणि मुलगीही. त्या निकालाने माझ्यासारख्या कितीतरी जणींचा रस्ता बंद झाला, कितीतरी जणींनी दावे सोडून दिले असतील. चौथी तारीख ११ ऑगस्ट २०२०. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की हक्क जन्माने येतो, वडील केव्हा वारले याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि फुलवतीचा निकाल त्या मुद्द्यावर रद्द ठरवला. म्हणजे मी गेले तेव्हा त्या निकालाला जेमतेम पाच महिने झाले होते. घेणाऱ्याच्या वकिलाला बहिणींची सही का पाहिजे होती तेही तेव्हा कळलं.

मग मॅडमनी हिशेब मांडला. चौऱ्याण्णवच्याही आधीच्या जुन्या पद्धतीने वडील वारले त्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, वडील आणि दोन मुलगे मिळून तीन वाटे, प्रत्येकाला दोन एकर. मग वडिलांच्या दोन एकरांचे चार मुलांत चार भाग, म्हणजे आम्हा बहिणींना प्रत्येकी २० गुंठे आणि भावांना अडीच-अडीच एकर. नवीन पद्धतीने मात्र आम्ही चौघंही जन्मापासून सहहिस्सेदार, वडील धरून पाच वाटे आणि वडिलांचा वाटा पुन्हा चौघांत, शेवटी प्रत्येकाला चौथा हिस्सा, दीड एकर. म्हणजे २० गुंठ्यांचे ६० गुंठे. (आई वडिलांच्या मागे राहिली असती तर गणित वेगळं झालं असतं, तेव्हा माझे आकडे आपल्या घराला जसेच्या तसे लावू नका.)

आणि एक, "वडिलोपार्जित" हा शब्द आपण वडिलांचं जे काही होतं त्या सगळ्याला लावतो, ते बरोबर नाही. आजोबा १९५२ ला म्हणजे १९५६ च्या कायद्याआधी गेले म्हणून ती जमीन वडिलांच्या हातात एकत्र कुटुंबाची राहिली, मॅडमनी मला तो १९५२ चा फेरफार काढून आणायला लावला तो यासाठीच. आजोबा १९५६ नंतर गेले असते तर हा मुद्दा वेगळ्या रीतीने बघावा लागला असता. शिवाय वडिलांनी १९८३ ला स्वतःच्या पगारातून २० गुंठे घेतले होते, ती त्यांची स्वकष्टार्जित. तिथे सहहिस्सेदारीचा प्रश्नच येत नाही, मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि हे १९५६ पासूनच आहे, २००५ ची वाट बघायची गरज नव्हती. पण त्या जमिनीचं मृत्युपत्र वडिलांनी कुणा एकाच्या नावे केलं असतं तर आम्हाला काही म्हणता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

फेब्रुवारी ते मे कागद जमवण्यात गेले. पहिल्यांदा चालू पहाणी उतारा, तो कन्नडमध्येच असतो, मला वाचता येतं पण ज्यांना येत नाही त्यांनी कुणाला तरी जवळ बसवून कॉलम ९ आणि कॉलम ११ नीट वाचून घ्यावेत. नऊमध्ये मालकांची नावं आणि अकरामध्ये बोजा, कर्ज, इतर हक्क. मग जुने फेरफार तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून. १९५२ ची नोंद आमच्याकडे मराठीतच निघाली, तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो ना. ती नक्कल मिळायला सगळ्यात जास्त वेळ गेला, अर्ज करून आले की पुढच्या आठवड्यात या, मग रजिस्टर सापडत नाही, मग एका जुन्या कर्मचाऱ्याने स्वतः मनावर घेऊन काढून दिलं. एक टिप, सर्वे नंबरबरोबर जुना हिस्सा नंबरही लिहून न्या, नाहीतर शोधणाऱ्याला मिळत नाही. नाडकचेरीतून वंशावळ, वडिलांचा आणि आईचा मृत्यू दाखला. आणि सबरजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे जमिनीच्या रजिस्टर झालेल्या व्यवहारांचा दाखला, ही काढाच. ईसीमुळेच कळलं की दादाने २०१२ मध्ये २० गुंठे शेजारच्या गावातल्या एकाला रजिस्टर खरेदीने विकले होते. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, धाकट्या भावालाही नाही. वाईट वाटलं. दादाच्या मुलाचं ऑपरेशन होतं त्या वर्षी, नंतर कळलं.

या विक्रीवर मॅडम म्हणाल्या, "२० डिसेंबर २००४ च्या आधी विकलेलं किंवा रजिस्टर वाटणी केलेलं असतं तर हात लावता आला नसता. ही २०१२ ची आहे. पण घेणाऱ्याचं घर मोडायची गरज नाही, ते २० गुंठे दादांच्या हिस्स्यात धरायला सांगू." मला हे पटलं. फक्त त्या घेणाऱ्याला दाव्यात पक्षकार करावं लागलं, तो बिचारा पहिल्या तारखेला घाबरून आला होता.

नोटीस मार्चमध्येच पाठवली होती. उत्तर आलं त्यात मुख्य तीन गोष्टी होत्या. एक, बहिणींनी हक्क सोडलाय, तलाठ्यासमोर जबाब आहे. दोन, लग्नात खर्च केलाय, सोनं दिलंय, तोच त्यांचा वाटा. तीन, वडिलांनी १९९९ मध्येच दोन्ही मुलांना तोंडी वाटणी करून दिली होती.

पहिल्या दोन गोष्टी मॅडमनी लवकर निकालात काढल्या. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्यासमोरच्या जबाबाने किंवा साध्या स्टॅम्पवर लिहून दिल्याने मालकी जात नाही, आणि उतारा म्हणजे मालकीचा दस्त नाही, तो महसुलासाठी. त्यामुळे ज्यांचं नाव उताऱ्यावरून गेलंय त्यांनी आपलं संपलं असं समजू नये. पण ज्यांनी सबरजिस्ट्रार ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केलीय त्यांची गोष्ट अगदी वेगळी, तिथे परत फिरणं फार कठीण, म्हणून कशावर सही करतोय ते वाचूनच करा. लग्नाचा खर्च कायद्यात कुठेच वजा होत नाही. हे सांगताना मला मनातून अवघडल्यासारखं झालं, कारण वडिलांनी माझ्या लग्नात खरंच कर्ज काढलं होतं. पण दोन्ही भावांच्या लग्नातही काढलं होतं.

तिसरी गोष्ट, तोंडी वाटणी, खरी धोक्याची तीच आणि यावर मला जास्त लिहायचंय, कारण आपल्या भागात प्रत्येक घरात "आबांनी तोंडी वाटून दिलं होतं" असतंच. २००५ च्या दुरुस्तीत वाटणी म्हणजे रजिस्टर दस्ताने झालेली किंवा कोर्टाच्या डिक्रीने झालेली असं स्पष्ट म्हटलंय. विनीता शर्मा निकालात कोर्ट म्हणालं की तोंडी वाटणीचा बचाव सहसा ऐकू नये, पण एखाद्या अपवादात ती सरकारी कागदांवरून पक्की दिसत असेल तर मानता येईल. नुसत्या साक्षीदारांच्या तोंडावर मात्र नाही. तेव्हा बघायचं काय? मॅडमनी मला कागद समोर ठेवून शिकवलं. वडील जिवंत असताना १९९९ च्या सुमाराला वाटणीची वर्दी तलाठ्याकडे दिलीय का, त्यावर फेरफार झालाय का. मुलांच्या नावे वेगवेगळे हिस्से पडलेत का. शेतसारा वेगळा भरलाय का, कर्ज ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर काढलंय का. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं. १९९९ ते २००१ उतारा वडिलांच्या एकट्याच्या नावे, २००१ नंतर दोन्ही भावांची नावं सामाईक, आणि २००८ चं सोसायटीचं कर्जही सगळ्या सर्वे नंबरवर दोघांनी मिळून काढलेलं. वाटणी झाली असती तर दादाने स्वतःच्या हिश्श्यावर धाकट्याची सही का घेतली असती? आता याउलट कुणाच्या घरी वडिलांच्या हयातीतली वर्दी, फेरफार, पोटहिस्से सगळं असेल तर त्यांनी दावा घालण्याआधी वकिलाला ते कागद दाखवावेत, तिथे प्रकरण खरंच अवघड होतं.

जूनमध्ये दावा दाखल झाला. मला सगळ्यात जास्त भीती होती कोर्ट फीची, कुणीतरी सांगितलं होतं की जमिनीच्या किमतीवर टक्के भरावे लागतात, लाखात जाईल. माझी फी लागली २०० रुपये. कर्नाटकाच्या कोर्ट फी कायद्यात वादी सामाईक कब्जात असेल तर वाटणीच्या दाव्याला ठराविक फी आहे, जास्तीत जास्त २०० रुपये. पण वादीला कब्जातून बाहेर काढलंय असं असेल तर हिश्श्याच्या बाजारभावावर फी पडते. सहहिस्सेदाराचा कब्जा कायद्याने सगळ्यांचा धरला जातो, एक जण कसतो म्हणून बाकीचे बाहेर असं होत नाही. दाव्यात हे कसं लिहिलंय ते वकिलाला जरूर विचारा, आणि खरं असेल तेच लिहा. मुदतीचंही तसंच, "वीस वर्षं झाली, आता काय" म्हणतात, पण बारा वर्षं मोजतात ती आपल्याला वाट्यातून वगळलंय हे आपल्याला कळलं तेव्हापासून.

मॅडमची फी ३५ हजार, तीन हप्त्यांत दिली. त्यांनी लगेच विक्री थांबवायचा अर्जही लावला आणि दावा संपेपर्यंत जमीन विकायची नाही असा मनाई हुकूम मिळाला. धाकटी बहीण प्रतिवादी झाली, याने ती रडवेली झाली होती, "आक्का मी तुझ्या विरुद्ध नाही गं." वाटणीच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना आणावंच लागतं, कुणाला एका बाजूला कुणाला दुसऱ्या, त्याने भांडण होत नाही, हे मी तिला समजावलं तेव्हा तिला झोप लागली.

मग तारखा. तारीख म्हणजे सकाळी जाऊन बसायचं आणि दुपारी पुढची तारीख घेऊन यायचं. दिवाळीला माहेरी गेले नाही, पहिल्यांदाच. गावात वैनीने चार बायकांत बोलून दाखवलं की सोन्यासारखा भाऊ सोडून मातीच्या मागे लागली. हे लिहिताना अजून घशात येतं. माझ्या मिस्टरांनी एकदाही जमीन हवी की नको म्हटलं नाही, फक्त गाडी काढून कोर्टात सोडायचे, ते माझ्यासाठी पुष्कळ होतं.

कोर्टाने २०२२ च्या पावसाळ्यात मध्यस्थीला पाठवलं. तिथे दादाच्या वकिलांनी त्याला स्वतः विनीता शर्मा निकाल समजावून सांगितला, माझ्या तोंडून ते कधीच पटलं नसतं. दादा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "विहिरीकडचं तेवढं सोडू नका मला." मी ते मागणारच नव्हते. त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही, पण बोलणं सुरू झालं.

ठरलं असं. दादाला दीड एकर, त्यातले विकलेले २० गुंठे धरून, म्हणजे हातात एक एकर विहिरीसकट. मला ओढ्याकडचा दीड एकर. धाकट्याला दीड एकर. धाकटीने आधी आपला दीड एकर कागदावर धरून घेतला आणि मग धाकट्याच्या नावे रजिस्टर हक्कसोडपत्र केलं, त्याचं बरं चाललेलं नाही म्हणून. तिला नको होतं हे आधीही खरं होतं, पण आता ते तिने दिलं. वडिलांच्या २० गुंठ्यांतले माझे पाच गुंठेही मी धाकट्यालाच सोडले, त्यात त्याचा गोठा आहे.

तडजोडीत नुसता "चौथा हिस्सा" लिहून चालत नाही, कोणता तुकडा ते पाहिजे. नाहीतर प्राथमिक डिक्री होते, मग अंतिम डिक्रीसाठी वेगळा अर्ज, आणि शेतजमीन असेल तर सरबांधाने वाटून द्यायला प्रकरण महसूल खात्याकडे, त्यात वर्षं जातात. आम्ही आधीच सरकारी मोजणी करून प्रत्येकाचा तुकडा दाखवणारा ११-ई नक्शा काढून घेतला, अर्ज भावांनी केला कारण उताऱ्यावर नाव त्यांचंच. मोजणीदार उन्हाळ्यात येतात तर बरं, पावसाळ्यात खानापूरकडे बांधच दिसत नाहीत, आमची मोजणी त्यामुळेच एक हंगाम लांबली. सोसायटीचं उरलेलं कर्ज कुणी फेडायचं तेही तडजोडीत लिहून घेतलं, नाहीतर कॉलम अकराचा बोजा माझ्या तुकड्यावरही आला असता.

२०२३ च्या लोक अदालतीत तडजोडीवर सह्या झाल्या. वाटणीच्या डिक्रीला स्टॅम्प पेपर द्यावा लागतो, तो दिल्याशिवाय डिक्री पुढे वापरता येत नाही, हे आठवणीने विचारा. सहीशिक्क्याची नक्कल घेऊन तहसीलदार ऑफिसच्या भूमी काउंटरवर अर्ज, मग चावडीवर नोटीस, हरकतीची मुदत, कुणी हरकत घेतली नाही. तरी फाइल एका टेबलावर अडकली, वंशावळीत माझं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट आणि लग्नाचा दाखला दिल्यावर सुटली. लग्न १९९१ चं, नोंदणी केलेली नव्हती, ती आत्ता करून घ्यावी लागली. ज्या बायकांचं नाव लग्नात बदललंय त्यांनी हे पहिल्या दिवशीच करून ठेवावं.

हा कायदा हिंदूंबरोबर जैन, लिंगायत, बौद्ध, शीख सगळ्यांना लागतो, आमच्या शेजारच्या जैन काकूंनी विचारलं होतं म्हणून सांगितलं. आणि सासर महाराष्ट्रात असलं तरी फरक पडत नाही, कायदा केंद्राचा आहे, दावा फक्त जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात घालायचा.

गावठाणातल्या घराचा हिस्सा आम्ही या दाव्यात घेतला नाही, दादा तिथे राहतो. पूर्वी घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, ते कलमही २००५ ला काढून टाकलंय, त्यामुळे हक्क आहे. तडजोडीत एक ओळ घालून घेतली की घराबद्दलचे चौघांचे हक्क राखून ठेवलेत. पंचायतीच्या ई-स्वत्तू नोंदीत ते घर अजून वडिलांच्याच नावे आहे, आता चौघांची नावं लावायचा अर्ज दादाने स्वतःहून आणून दिलाय, माझी सही झाली, धाकटीची पुढच्या आठवड्यात होईल.